दोन कट्ट्यांचा शेतकरी आणि दिवसाचे वजन: एका उत्पादक कंपनीच्या ध्येयवाक्याचे प्रकरण

लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात काम करणाऱ्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचे हे प्रकरण आहे. कंपनीचे नाव येथे दिलेले नाही, कारण प्रकरणातील अडचण तिच्या एकटीची नाही. सभासदांचे सोयाबीन, तूर आणि हरभरा खरेदी करायचा, तो चाळून प्रतवारी करायचा आणि तेल गिरण्यांना व डाळ मिलना विकायचा, हे तिचे मुख्य काम; त्याच्या जोडीला थोडा बीजोत्पादनाचा कार्यक्रम. पगारी माणसे अकरा: व्यवस्थापक, हिशेबनीस, दोन तपासनीस, गोदामपाल, पावत्या करणाऱ्या एक ताई, चाळणी यंत्राचा चालक आणि चार गावप्रतिनिधी. हमाल व मापाडी हंगामापुरते येतात. संचालक मंडळ वेगळे असून ते महिन्याकाठी एकदा बसते.

उत्पादक कंपनी हा प्रकार २००२ साली कंपनी कायद्यात आला. भाग कितीही असले तरी व्यक्तिगत सभासदाला एकच मत, ही त्यातील तरतूद या प्रकरणापुरती महत्त्वाची आहे. मतदानात दोन एकरवाला आणि वीस एकरवाला सारखेच असतात. काट्यावर मात्र ते सारखे राहात नाहीत, आणि कर्मचाऱ्यांना दिवसभर काट्यावरच निर्णय घ्यायचे असतात.

भिंतीवरचे वाक्य

कार्यालयात शिरताच समोर फ्लेक्सवर ध्येयवाक्य लावलेले होते: ‘अत्याधुनिक तंत्रज्ञान, पारदर्शक कारभार व मूल्यसाखळीचे सक्षमीकरण यांद्वारे शेतकऱ्यांचा सर्वांगीण व शाश्वत विकास साधणारी मराठवाड्यातील अग्रगण्य कृषी संस्था उभारणे.’ अनुदानाच्या प्रस्तावासाठी ते लिहिले गेले होते आणि प्रस्तावात ते शोभतही होते. व्यवस्थापकांनी एके दिवशी सर्वांना फ्लेक्सकडे पाठ करून बसवले आणि त्यावर काय आहे ते कागदावर लिहायला सांगितले. हिशेबनिसांना ‘सर्वांगीण विकास’ आठवला, गोदामपालांना ‘पारदर्शक’, एका गावप्रतिनिधीला ‘अग्रगण्य’. दोघांनी कागद कोरा ठेवला. नंतर पाठ फिरवून वाक्य दाखवल्यावर सगळ्यांनी ‘हो, हेच की’ म्हटले. समोर आल्यावर ओळखणे आणि समोर नसताना आठवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तपासनिसाला ट्रॉलीजवळ उभे राहून निर्णय घ्यायचा असतो आणि तेथून फ्लेक्स दिसत नाही, म्हणून ओळख पटण्याचा त्याला काही उपयोग नसतो.

तरीही विसरण्याचा दोष माणसांच्या स्मरणशक्तीवर ढकलणे बरोबर नव्हते. त्याच माणसांना मागील हंगामातील भाव, कोणत्या गावाचा माल डागी निघाला आणि कोणत्या गिरणीने किती दिवस पैसे अडवले, हे तोंडपाठ होते. जे वापरात येते ते त्यांच्या लक्षात राहात होते. फ्लेक्सवरच्या वाक्याने त्यांच्यापुढचा एकही पेच कधी सोडवला नव्हता, त्यामुळे ते आठवण्याचे कारणच पडले नव्हते.

ज्या संध्याकाळी वाद झाला

ऑक्टोबर महिना होता. परतीच्या पावसाने सोयाबीनचे ढीग भिजले होते आणि आवक एकदम वाढली होती. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास एक सभासद मावशी रिक्षातून दोन कट्टे घेऊन आल्या. मॉइश्चर मीटरवर आर्द्रता १४ टक्के निघाली. मागे दोन ट्रॉल्या उभ्या होत्या आणि गिरणीचा ट्रक त्याच रात्री भरून द्यायचा होता. तपासनिसाने त्यांना माल वाळवून आणायला सांगितले. ‘एवढ्यासाठी परत रिक्षाचं भाडं भरू का दादा? तुमच्याकडं मीटर हाय, मग मीटरनं काय कापायचं ते कापा की,’ असे त्या म्हणाल्या. तरी त्यांना परत जावे लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी १४.२ टक्के आर्द्रतेची एक भरलेली ट्रॉली दुसऱ्या तपासनिसाने कडता लावून घेतली. मावशींच्या गावचाच ट्रॉलीवाला असल्याने बातमी दुपारपर्यंत पोहोचली आणि सर्वसाधारण सभेत तिचा जाब विचारला गेला.

दोन्ही तपासनीस प्रामाणिक होते आणि दोघांकडे कारण होते. पहिल्याला रात्रीचा ट्रक चुकवायचा नव्हता. दुसऱ्याला पंचवीस क्विंटल माल आडतीवर जाऊ द्यायचा नव्हता. दोघेही एकाच गोष्टीला वजन देत होते, ती म्हणजे दिवसाचा आकडा, आणि तसे कोणीही तोंडाने सांगितलेले नव्हते. दर संध्याकाळी संचालकांच्या व्हॉट्सॲप गटावर ‘आज इतके क्विंटल’ असा एक ओळीचा संदेश जात असे. कंपनीचे प्रत्यक्षातले ध्येयवाक्य तेच होते, आणि ते मात्र सर्वांना पाठ होते.

शब्दांआधी प्रसंग

सभेनंतर संचालकांचा कल नवा, आटोपशीर मजकूर लिहून घेण्याकडे होता. व्यवस्थापकांनी थोडा वेळ मागून घेतला आणि आधी एक वही सुरू केली. निर्णय घेताना ज्याला कोठे अडखळायला झाले, त्याने त्याच दिवशी चार गोष्टी लिहायच्या: काय घडले, कोण विचारत होते, शेवटी काय केले आणि दुसरे काय करता आले असते. माणसांना त्यांची मूल्ये विचारली तर सगळे चांगलेच बोलतात. कोठे अडलात असे विचारले तर खरे हाती लागते. कामाचा अभ्यास प्रत्यक्ष निर्णायक प्रसंगांवरून करण्याची ही पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ साली रीतसर मांडली. तिचा मूळ उपयोग वैमानिकांच्या कामासंबंधी झाला होता, पण काट्यावरही ती चपखल बसते.

पंधरा दिवसांत वहीत ४३ नोंदी झाल्या. त्या जमिनीवर मांडून त्यांची वाटणी करण्यात आली, आणि या कामात एक सूक्ष्म भेद पाळावा लागला. ज्या प्रसंगाचे उत्तर प्रत्येक वेळी एकच असते, तो नियमाचा विषय आहे. उदाहरणार्थ, बँक खात्याचा तपशील नसताना पैसे पाठवायचे की नाही, हा ध्येयाचा प्रश्न नाही. हमीभाव केंद्रावर सोयाबीनसाठी आर्द्रतेची नेहमीची मर्यादा १२ टक्के असते आणि २०२४ च्या हंगामात केंद्र सरकारने ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती. अशी मर्यादा आदेशाने येते आणि आदेशाने बदलते, तिला ध्येयवाक्यात स्थान नसते. अशा १७ नोंदी बाजूला काढून त्यांची नियमांची एक पानी यादी केली गेली.

उरलेल्या २६ नोंदींत दोन्ही बाजू योग्य होत्या. त्यांपैकी १५ नोंदी या ना त्या रूपाने एकाच पेचाच्या निघाल्या: लहान ढिगाच्या सभासदाला वेळ द्यायचा, की मोठा ढीग आधी घेऊन वजन भरायचे. काही नोंदी पैसे लवकर देणे आणि हिशेब पक्का करणे यांच्या ओढाताणीच्या होत्या, बाकीच्या किरकोळ. व्यवस्थापकांनी येथे जो निर्णय घेतला तो मला या प्रकरणातील सर्वांत चांगला वाटतो. सगळे पेच एका वाक्यात कोंबायचे नाहीत. जो सर्वांत जास्त वेळा अडवतो आणि ज्याच्यावरून सभेत माणसे उभी राहिली, तेवढाच घ्यायचा. प्रत्येक विभागाला आपला शब्द वाक्यात हवा असतो, आणि सर्वांचे शब्द घेतले की जुना फ्लेक्स पुन्हा तयार होतो.

काय सोडायचे ते लिहिणे

वाक्य ठरवण्याची बैठक काटा बंद झाल्यावर गोदामातच झाली. पहिला मसुदा आला तो ‘प्रत्येक सभासदाला समान न्याय’ असा. तो तपासण्यासाठी व्यवस्थापकांनी त्याचे उलट वाक्य मोठ्याने वाचले: ‘काही सभासदांना अन्याय.’ असे कोणतीही कंपनी म्हणणार नाही. ज्या वाक्याचे उलट वाक्य शहाणा माणूस कधीच स्वीकारणार नाही, ते दोन चांगल्या पर्यायांतून निवड करायला मदत करू शकत नाही, कारण त्याने काही निवडलेलेच नसते. त्या संध्याकाळच्या दोन्ही तपासनिसांनी हे वाक्य आपापल्या बाजूने वापरले असते.

दुसरा मसुदा गावप्रतिनिधींचा होता: ‘लहान शेतकऱ्याचा माल आधी.’ यात निवड होती. उलट वाक्य, म्हणजे ‘मोठा माल आधी’, हेही एखादा व्यापारी बिनदिक्कत म्हणेल आणि चुकणार नाही. परंतु गोदामपालांनी त्यातील फट लगेच दाखवली. उद्या पंचवीस क्विंटलवाला आपला माल घरातल्या पाच जणांच्या नावाने पाच ढिगांत आणेल आणि रांगेत पुढे उभा राहील. शिवाय हा मसुदा रांगेपलीकडे काही सांगत नव्हता. चाळणी यंत्राच्या चालकाने विचारले, ‘माझ्याकडं रांगच नसती, मग मी काय करायचं?’ काट्यावरच्या एका नियमाला ध्येयाचे नाव दिले गेले होते.

यावर हिशेबनिसांनी प्रश्न फिरवला: आपण जे करतो ते पाच वर्षे नीट केले, तर गावात काय दिसेल? बोलता बोलता उत्तर आले की आज दोन कट्टे असलेला माणूस गावातल्याच खरेदीदाराला ते देऊन मोकळा होतो, कारण एवढ्याशा मालासाठी कंपनीत जाऊन ताटकळायचे कोणी. तो माणूस आधी आपल्याकडे आला पाहिजे. चित्र मिळाले, पण किंमत अजून आलेली नव्हती. ती हिशेबनिसांनीच फळ्यावर मांडली. दहा टनी ट्रकला १०० क्विंटल लागतात. पन्नास किलोचे दोन कट्टे म्हणजे एक क्विंटल, तेव्हा नुसत्या अशा मालाने ट्रक भरायचा तर १०० ढीग लागतील. नमुना काढणे, मीटर लावणे, वजन आणि पावती यांना प्रत्येकी आठ मिनिटे धरली तरी ८०० मिनिटे, म्हणजे तेरा तासांहून अधिक. तोच ट्रक पंचवीस क्विंटलच्या चार ट्रॉल्यांत भरतो आणि दोन तासांत काम उरकते. हा आकडा समोर ठेवूनही हवे का, असे विचारल्यावर थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग ज्या तपासनिसाने मावशींना परत पाठवले होते, तेच म्हणाले की दिवसाचे वजन कमी भरले तर मला कोणी बोलणार नसेल, तर हवे.

त्यांच्या या बोलण्यातून वाक्याचा दुसरा भाग आला. अखेर ठरलेले वाक्य असे:

‘दोन कट्ट्यांचा शेतकरीही आधी आपल्याकडं येईल, दिवसाचं वजन कमी भरलं तरी चालेल.’

वाक्य बोलीच्या वळणाचे ठेवले गेले, कारण ते काट्यावर बोलले जाणार होते. त्यात एक माणूस दिसतो, तो काय करील ते दिसते आणि त्यासाठी कशावर पाणी सोडायचे तेही दिसते. मंडळाच्या बैठकीत एका ज्येष्ठ संचालकांना त्यात ‘तंत्रज्ञान’ आणि ‘शाश्वत’ हे शब्द हवे होते. त्यांच्याशी वाद न घालता जुना मजकूर प्रस्तावांसाठी आणि वार्षिक अहवालासाठी कायम ठेवण्यात आला आणि नवे वाक्य कर्मचाऱ्यांचे म्हणून वेगळे राहिले. दोन वाक्ये असणे अशोभनीय आहे, असा आक्षेप यावर घेता येईल. माझ्या मते तो फारसा टिकत नाही. बँकेला आणि अनुदान देणाऱ्या कार्यालयाला जी भाषा लागते तिने काट्यावर काम करावे, ही अपेक्षाच अवाजवी आहे.

तोच प्रसंग, पुन्हा

वाक्य उपयोगी आहे की नाही हे पाहण्यासाठी व्यवस्थापकांनी वहीतील प्रसंगांशी मिळतेजुळते, पण कोणी न पाहिलेले सहा प्रसंग लिहून काढले. प्रत्येकाने ते एकट्याने सोडवायचे आणि मग उत्तरे शेजारी ठेवायची. येथे पाहायचे होते ते उत्तर बरोबर आहे की चूक हे नव्हे, तर एकमेकांशी न बोलता दोन माणसे एकाच निर्णयाला येतात का, हे. जुनेच प्रसंग दिले असते तर माणसांनी निर्णय घेतला नसता, सभेत झालेला निकाल आठवून लिहिला असता.

त्यांपैकी एक प्रसंग मावशींच्या प्रसंगाच्या जवळचा होता आणि त्यावरची चर्चा येथे सविस्तर देण्याजोगी आहे. संध्याकाळची वेळ, एक क्विंटल सोयाबीन, आर्द्रता १४ टक्के, मागे ट्रॉली. पहिल्या झटक्यात दोघांनी लिहिले की माल तसाच, पूर्ण वजनाने घ्यावा, कारण वाक्य तसे सांगते. वाक्य तसे सांगत नाही. १४ टक्क्यांचा माल १२ टक्क्यांचा म्हणून घेतला तर त्याचा तोटा बाकीच्या सभासदांवर पडतो. कोरडा भाग तेवढाच राहतो या हिशेबाने १०० किलोचे १२ टक्के आर्द्रतेला १०० × ८६ ÷ ८८, म्हणजे ९७.७३ किलो होतात, घट २.२७ किलोंची. भाव क्विंटलला ४५०० रुपये धरला तर ही रक्कम साधारण १०२ रुपये होते. गावाहून रिक्षाने कट्टे परत नेऊन पुन्हा आणण्याचे भाडे याहून जास्त पडते. तेव्हा वाक्याला धरून निर्णय असा निघतो की मीटरचा आकडा मावशींना दाखवायचा, घट मोजून सांगायची, आणि दोन पर्याय द्यायचे: घट मान्य असेल तर आताच पावती, नसेल तर कट्टे त्यांच्या नावाची चिठ्ठी लावून गोदामात ठेवायचे, सकाळी कंपनीच्या ताडपत्रीवर वाळवून पुन्हा मीटर लावायचे. मागची ट्रॉली दहा मिनिटे थांबते. ट्रक उशिरा निघतो.

वाक्याने आर्द्रतेचा नियम वाकवला नाही. नियम पाळूनही जे दोन-तीन मार्ग शिल्लक राहतात, त्यांतून कोणता निवडायचा एवढेच त्याने सांगितले. चांगल्या ध्येयवाक्याचा आवाका एवढाच असतो आणि तो समजावून सांगायला कंपनीत बराच वेळ खर्च करावा लागला.

आठवण्याची परीक्षा आणि संध्याकाळचा संदेश

तीन आठवड्यांनी व्यवस्थापकांनी प्रत्येकाला कामाच्या ओघात, एकट्याला गाठून विचारले की आपले वाक्य काय आहे, तुमच्या शब्दांत सांगा. शब्दाला शब्द जुळणे महत्त्वाचे मानले नाही. दोन कट्ट्यांचा शेतकरी आला का आणि वजन सोडण्याची तयारी आली का, एवढेच पाहिले. अकरांपैकी नऊ जणांनी पहिला भाग सांगितला. दुसरा भाग चौघांनीच सांगितला. मला या प्रकारच्या कामात हे वारंवार दिसते: माणसे चित्र लक्षात ठेवतात आणि किंमत विसरतात. किंमत विसरली की वाक्य पुन्हा शोभेचे होते, कारण अडलेल्या वेळी निवड करायला मदत करतो तो किंमतीचाच भाग.

विसरण्याचे कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. संध्याकाळी संचालकांच्या गटावर अजूनही ‘आज १४० क्विंटल’ असाच संदेश जात होता आणि आकडा मोठा असला की खाली अंगठ्यांची रांग लागत होती. शिवाय गावप्रतिनिधींचा प्रोत्साहन भत्ता क्विंटलवर ठरत होता. वजन कमी भरले तरी चालेल असे सकाळी सांगायचे आणि संध्याकाळी वजनावरच शाबासकी द्यायची, यातले दुसरेच माणसे शिकणार. कंपनीने दोन बदल केले. संदेशात आधी ‘आज किती सभासदांचा माल आला, त्यांत पाच क्विंटलच्या आतले किती’ हा आकडा आणि वजन त्याच्या खालच्या ओळीत. भत्त्याचा अर्धा भाग वजनावरच राहिला. उरलेला अर्धा हंगामात निदान एकदा माल घेऊन आलेल्या सभासदांच्या संख्येवर गेला. पूर्ण भत्ता बदलायला संचालक तयार नव्हते, आणि खेळते भांडवल शेवटी वजनावरच फिरते हे पाहता त्यांची भीती निराधार म्हणता येत नाही.

महिन्याभराने पुन्हा विचारले तेव्हा दुसरा भाग नऊ जणांनी सांगितला. हा आकडा जपून वाचावा. एकदा विचारल्यावर पुन्हा विचारतील हे लोकांना कळलेले असते, म्हणून दुसऱ्या वेळची आठवण थोडी फुगलेली असू शकते. त्याहून अधिक विश्वास ठेवावा असा पुरावा वहीत मिळाला. वही बंद केलेली नव्हती, आणि नोंदींच्या शेवटच्या रकान्यात, कोणी सांगितलेले नसताना, ‘वजन सोडले’ असे दोन शब्द येऊ लागले होते. ज्याने ते लिहिले त्याला वाक्य पाठ आहे का, हे वेगळे विचारण्याची गरज नव्हती.

एक निर्णय खरेदीचाही झाला. शिल्लक रकमेतून प्रतवारीच्या यंत्राला एक महागडा जोड घ्यायचा की ३०० किलोंचा स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक काटा आणि दुसरा मीटर घ्यायचा, हे ठरवताना चाळणी यंत्राच्या चालकानेच काट्याची बाजू घेतली, जरी जोड त्याच्या यंत्राला मिळणार होता. लहान ढिगांसाठी दुसरा काटा सुरू झाल्यावर ट्रॉलीवाल्यांचे थांबणे कमी झाले आणि मूळ पेचाची धारही बोथट झाली. सगळेच पेच निवड करून सोडवायचे नसतात. काही असे काटा विकत घेऊनही सुटतात.

जेथे वाक्य चुकीच्या हातात गेले

बीजोत्पादनाच्या कार्यक्रमात एका लहान शेतकऱ्याच्या सोयाबीन बियाण्याची उगवण चाचणीत ६८ टक्के आली. प्रमाणित सोयाबीन बियाण्यासाठी किमान ७० टक्के उगवण लागते. गावप्रतिनिधीने आग्रह धरला की दोन टक्क्यांसाठी लहान माणसाला मागे सारायचे नाही, आपले वाक्यच तसे आहे. गोदामपालांनी नकार दिला आणि ते बरोबर होते. बियाण्याची मर्यादा कायद्याने येते, आणि तिच्या खालचे बियाणे पुढच्या जूनमध्ये दुसऱ्या कोणा दोन एकरवाल्याच्याच शेतात पडणार असते. सोयाबीनचे बी तसेही नाजूक; पोती उंचावरून आदळली तरी उगवण घटते. त्या ढिगाला धान्य म्हणून भाव मिळाला आणि पुढच्या वेळी मळणी यंत्राचा वेग कमी ठेवण्याविषयी त्या शेतकऱ्याशी बोलणे झाले.

या प्रसंगानंतर वाक्याच्या कागदामागे तीन विषय लिहून ठेवले गेले, ज्यांत वाक्य लागू होत नाही: कायद्याने ठरलेली मानके, गोदामातील माणसांची सुरक्षितता आणि पैशांची कागदपत्रे. माझ्या अनुभवात चांगले ध्येयवाक्य रुळल्याची खूण हीच असते की कोणीतरी ते ढाल म्हणून पुढे करतो. ते होऊ द्यावे, मात्र पहिल्याच वेळी हद्द आखून द्यावी. उशीर झाला की प्रत्येक सवलत वाक्याच्या नावावर मागितली जाते.

किंमतही प्रत्यक्षात मोजावी लागली. एक मोठा सभासद दोनदा थांबावे लागल्याने चिडून आडतीकडे गेला आणि त्या हंगामात परतला नाही. संचालक मंडळात हा विषय तक्रार म्हणून आला. व्यवस्थापकांनी बचाव न करता वाक्याचा दुसरा भाग वाचून दाखवला आणि हे होणार हे ठरवूनच आपण सही केली होती, असे सांगितले. त्याच बैठकीत एक सुधारणाही झाली. ठरलेल्या तारखेला ट्रक न पोहोचल्यास दंड लागेल असे सौदे दाट आवकेच्या पंधरवड्यात कमी घ्यायचे, असे ठरले. वजन कमी भरण्याची मुभा काट्यावरच्या माणसाला द्यायची आणि विक्रीच्या टेबलावर मात्र रोजच्या भरल्या ट्रकचे वचन द्यायचे, ही विसंगती तोपर्यंत कोणाच्या लक्षात आली नव्हती.

तुरीचा हंगाम जानेवारीत सुरू होतो आणि त्याआधी एका प्रश्नाचा निकाल लागायचा आहे. लहान सभासदाला भाव वाढेपर्यंत तूर गोदामात ठेवायची असेल, तर त्याचे दोन कट्टे स्वतंत्र थप्पीत ठेवायचे, की प्रत पाहून इतरांच्या तुरीत मिसळून फक्त वजनाची पावती द्यायची? स्वतंत्र ठेवले तर जागा अडते आणि ट्रक भरताना थप्प्या मोडाव्या लागतात. मिसळले तर माझी तूर चांगली होती, भाव सरासरीचा का, हा प्रश्न येतो. अकरा जणांना हा प्रसंग एकट्याने सोडवायला दिला तेव्हा उत्तरे सहा आणि पाच अशी विभागली गेली, आणि दोन्ही बाजूंनी आधार म्हणून वाक्य तेच दिले. मंडळाने दोन गावांत मिसळून आणि दोन गावांत स्वतंत्र ठेवून पाहायचे ठरवले आहे.